बत्तीस लाख आज, की पंचवीस हजार दरमहा?

*नमस्कार ताई, मी ३७ वर्षांची, खासगी शाळेत शिक्षिका, पगार ३२ हजार. संमतीने घटस्फोट घेतोय. मुलगी नऊ वर्षांची, तिचा खर्च वेगळा ठरलाय, त्यावर वाद नाही. माझ्या पोटगीसाठी नवऱ्याने दोन पर्याय दिलेत. एक : ३२ लाख एकरकमी, त्यातले १२ लाख अर्ज दाखल करताना, १० लाख सहा महिन्यांनी दुसऱ्या सहीच्या वेळी आणि १० लाख दोन वर्षांनी त्यांचा फ्लॅट विकला गेल्यावर. दोन : महिना २५ हजार, पंधरा वर्षं. आई म्हणते, पंधरा वर्षांचे ४५ लाख होतात, महिना घे. भाऊ म्हणतो, म्युच्युअल फंडात बारा टक्के सुटतात, डोळे मिटून एकरकमी घे. सध्याची तात्पुरती पोटगी १८ हजार आहे. २२ महिन्यांत दोनदा आलीच नाही, पाचदा उशिरा आली. माझ्यावर दहा टक्के व्याजाचं चार लाखांचं सोनेतारण कर्ज आहे. कोणाचं ऐकू? — एक वाचक, कराड*

आईंचे ४५ लाख आधी कागदावरून खोडा. मग शेजारचे ३२ लाखही खोडा, कारण तेही ३२ नाहीत. दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी येणारे रुपये एकत्र मोजले गेलेत. आजचा रुपया आणि २०४० सालचा रुपया एका बेरजेत घालणं म्हणजे लिटर आणि किलो मिळवणं. दोन्ही पर्याय आधी आजच्या रुपयांत आणू, मग कोण मोठं ते आपोआप दिसेल.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. व्यापाऱ्याकडे तीन महिने मुदतीची हुंडी असे आणि पैसे आजच हवे असत, तेव्हा सराफ वटाव कापून घेऊन उरलेली रक्कम हातावर ठेवत असे. तुमचे पुढचे १८० हप्ते म्हणजे १८० हुंड्या आहेत असं समजा. प्रत्येकीची मुदत वेगळी, म्हणून प्रत्येकीवरचा वटावही वेगळा. वटाव कापून उरलेल्या १८० रकमांची बेरीज म्हणजे त्या हप्त्यांचं आजचं मूल्य. प्रश्न एवढाच उरतो की वटाव कोणत्या दराने कापायचा. खरा वाद तिथेच आहे आणि तुमचा भाऊ तिथेच चुकलाय. तरी गंमत अशी, की त्याचा बाराचा आकडा शेवटी दुसऱ्याच दारातून आत येणार आहे. त्याकडे येतेच.

पैसे आज हातात आले, तर त्यावर धोका न पत्करता तुम्हाला किती टक्के मिळतील, तो दर निवडायचा. मोठ्या बँकेची मुदत ठेव, पोस्टाच्या योजना, केंद्र सरकारचे रोखे, हे सगळं बघून मी तुमच्यासाठी सात टक्के धरते. तुम्हाला साडेसहा पटत असेल तर साडेसहा धरा. उत्तर थोडं हलेल, पालटणार नाही, ते पुढे दिसेलच. भावाचे बारा टक्के इथे का चालत नाहीत? कारण ते बारा कोणी कबूल केलेले नाहीत. एखाद्या वर्षी वीस मिळतील, एखाद्या वर्षी भांडवलातूनच पंधरा जातील. ठरलेल्या रकमेची किंमत काढताना न ठरलेल्या परताव्याने भागलं, तर हप्ते आहेत त्याहून स्वस्त दिसतात. एकरकमी पैशातला काही भाग फंडात घालायचा की नाही, तो वेगळा निर्णय आहे आणि तो पैसे मिळाल्यावर घ्यायचा.

आता हप्ते वटवू. वर्षाला सात टक्के म्हणजे महिन्याला सात भागिले बारा, ०.५८३३ टक्के. पहिल्या महिन्याच्या २५ हजारांची आजची किंमत २४,८५५ रुपये, जवळजवळ तेवढीच. पाच वर्षं संपताना येणाऱ्या हप्त्याची किंमत १७,६०० च्या आसपास. दहा वर्षांनंतरच्या हप्त्याची १२,४०० आणि अगदी शेवटच्या, १८० व्या हप्त्याची फक्त ८,७७५. हप्त्यावर लिहिलेला आकडा पंधरा वर्षं तोच आहे, पण आईंनी शेवटचा हप्ताही पहिल्याइतकाच मोलाचा धरला. सगळ्यांची बेरीज करायला रोजमेळ घेऊन बसायला नको. शाळेच्या संगणकावर एक्सेल असेलच. एका रकान्यात एवढंच टाका :

```
=PV(7%/12, 180, -25000)
```

उत्तर येईल सुमारे २७ लाख ८१ हजार. उणे चिन्ह विसरलात तर हेच उत्तर उणे दिसेल, घाबरू नका. आणि ७% ऐवजी नुसतं ७ टाकलंत तर उत्तर त्रेचाळीस हजारांच्या आसपास येईल. तसं दिसलं की टक्क्याचं चिन्ह राहिलं असं समजा.

या २७.८१ लाखांचा अर्थ रोजच्या भाषेत असा : एवढी रक्कम आज सात टक्क्यांनी ठेवली आणि दर महिन्याला त्यातून २५ हजार काढत राहिलात, तर पंधरा वर्षांनी शेवटचा हप्ता काढताना खातं बरोबर शून्यावर येईल. म्हणजे हे २७.८१ लाख आणि ते १८० हप्ते ही एकच वस्तू आहे, दोन वेषांत.

आता एकरकमीची पाळी. तिचं नाव एकरकमी असलं तरी ती तीन हप्त्यांची आहे, म्हणून तिच्यातूनही वटाव कापायचा. आजचे १२ लाख म्हणजे १२ लाखच. सहा महिन्यांनंतरचे १० लाख आजचे ९.६६ लाख होतात. दोन वर्षांनंतरचे १० लाख आजचे ८.७० लाख.

```
=12 + 10/(1+7%/12)^6 + 10/(1+7%/12)^24
```

बेरीज ३० लाख ३५ हजार. नवऱ्याने बत्तीस म्हटलं, पण तारखा अशा लावल्या की त्यातले एक लाख पासष्ट हजार कोणाला न दिसता गळून गेले. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, वकिलांच्या टेबलावर अशा तारखा सहज पडतात. पण पुढच्या बैठकीत हा आकडा तुमच्या हातात असायला हवा.

तर आजच्या रुपयांत ३०.३५ लाख विरुद्ध २७.८१ लाख. अडीच लाखांच्या फरकाने एकरकमी पुढे. दर बदलला तर? पाच टक्के धरले तर हप्त्यांचं मूल्य ३१.६ लाखांवर जातं आणि तीन टप्प्यांची रक्कम ३०.८ लाखांवर, म्हणजे हप्ते पुढे जातात. आठ टक्के धरले तर हप्ते २६.१६ लाखांवर येतात. तराजू समतोल होतो तो साडेपाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न 'अचूक दर कोणता' हा नाही. 'पंधरा वर्षं सुरक्षित ठिकाणी मला सरासरी साडेपाचहून जास्त मिळेल का' एवढाच आहे. तो बराच सोपा प्रश्न आहे.

अगदी निर्धास्त होऊन हो म्हणू नका मात्र. बँक ठेवीचा दर फार तर दहा वर्षांसाठी बांधते, त्यानंतर जो दर असेल तो घ्यावा लागतो. पंधरा वर्षांचा दर आजच बांधायचा असेल तर दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२१ पासून सामान्य माणसाला ते थेट घेण्याची सोय केलीय, रिटेल डायरेक्ट नावाने. सगळे पैसे तिथे टाका असं नाही, पण दर निवडताना आधार म्हणून त्या रोख्यांवरचा परतावा बघा. शेजारच्या काकूंनी मागच्या महिन्यात पावती कितीने केली यापेक्षा तो आधार जास्त पक्का.

तुमच्या सोनेतारणाबद्दलही इथेच सांगते, कारण तोही वटावाच्या दराचाच प्रश्न आहे. ज्या चार लाखांवर तुम्ही दहा टक्के भरताय, त्या चार लाखांपुरता तुमचा दर सात नाही, दहा आहे. पहिल्या बारा लाखांतून ते कर्ज फेडलं की तेवढ्या पैशावर दहा टक्क्यांची बिनधोक कमाई झाली. महिना घेतलात तर ते कर्ज हप्त्याहप्त्याने वर्षभराहून जास्त रेंगाळेल. एकरकमीच्या पारड्यात ही थोडी भर.

आता महागाई. पंधरा वर्षांनी २५ हजारांत काय येणार, हा विचार तुमच्या मनात आला असणार. सहा टक्के महागाई धरली तर तेव्हाच्या २५ हजारांना आजच्या साडेदहा हजारांइतकंच सामान येईल. बरेच लोक मग सात टक्क्यांनी वटवतात आणि वर सहा टक्के महागाईही वजा करतात. ही दुहेरी कापणी आहे. ठेवीच्या सात टक्क्यांत महागाईची भरपाई आधीच धरलेली असते. सातने वटवलं असेल तर हप्ते कराराप्रमाणे रुपयांत जसे येणार तसे घ्या, पुन्हा कापू नका.

महागाईचा खरा उपाय गणितात नसतो, संमतीपत्रातल्या एका ओळीत असतो : 'दरवर्षी ५ टक्के वाढ'. ही ओळ काय करते ते बघा. २५ हजार पहिल्या वर्षी, २६,२५० दुसऱ्या वर्षी, असं करत पंधराव्या वर्षी हप्ता साडेएकोणपन्नास हजारांवर जातो. याला एक्सेलमध्ये तयार सूत्र नाही, १८० ओळी कराव्या लागतात. पहिल्या रकान्यात १ ते १८० महिने, पुढच्या दोन रकान्यांत हे आणि खालपर्यंत ओढायचं :

```
B2: =25000*(1+5%)^INT((A2-1)/12)
C2: =B2/(1+7%/12)^A2
```

तिसऱ्या रकान्याची बेरीज येते ३७ लाख ५७ हजार. मघाशी हीच गोष्ट २७.८१ होती. एका ओळीने जवळजवळ दहा लाखांचा फरक पडला आणि पारडं फिरलं. पाच टक्के मिळाले नाहीत तरी अडीच टक्के वाढीवरही हप्त्यांचं मूल्य ३२ लाखांच्या थोडं वर जातं. मी बँकेत असताना कर्जाचे करार वाचण्यात वीस वर्षं घालवली आणि शिकले ते एवढंच, की लोक रकमेवर तासभर भांडतात आणि वाढीचा दर दुसरा माणूस लिहील तसा सोडून देतात.

मग वाढीव महिना घ्यावा? इथे तुमच्या पत्रातलं ते वाक्य आडवं येतं : २२ महिन्यांत दोनदा आलीच नाही.

आतापर्यंत आपण १८० च्या १८० हप्ते येणार असं धरून चाललो. मुदत ठेवीबद्दल असं धरता येतं, माणसाबद्दल धरता येत नाही. २२ पैकी २ म्हणजे नऊ टक्के. फक्त एवढंच प्रमाण पुढे चालू राहिलं आणि ते बुडीत गेलं, तरी साध्या २५ हजारांच्या हप्त्यांचं मूल्य २७.८१ वरून २५.३ लाखांवर येतं. आणि हे न्यायालयाची टांगती तलवार डोक्यावर असतानाचं प्रमाण आहे. घटस्फोट होऊन सात वर्षं झाल्यावर, दुसरा संसार असल्यावर, ते सुधारेल असं मला वाटत नाही.

पण मधला एखादा महिना बुडणं हा लहान धोका. मोठा धोका हप्ता कायमचा थांबण्याचा. तो बऱ्याच कारणांनी थांबतो : नोकरी जाते, माणूस परदेशी जातो, आजारी पडतो, मरतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे परिस्थिती बदलली तर न्यायालय पोटगीचा आदेश बदलू शकतं आणि पोटगी घेणाऱ्याने पुन्हा लग्न केलं तर तो रद्दही करू शकतं. तुम्ही ३७ वर्षांच्या आहात. आज त्याचा विचारही नसेल, पण पंधरा वर्षांच्या हिशेबात ती शक्यता शून्य धरता येत नाही. हाती आलेली एकरकमी पोटगी मात्र पुन्हा लग्न केलं म्हणून परत मागता येत नाही.

हा धोका आकड्यात कसा आणायचा? एक सोपी युक्ती आहे. दरवर्षी हप्ता कायमचा बंद पडण्याची शक्यता शंभरात किती ते ठरवा आणि तेवढे टक्के वटावाच्या दरात मिळवा. गणिताने ते जवळजवळ बरोबर येतं. समजा शंभरात पाच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दरवर्षी पाच म्हणजे पंधरा वर्षांत कधी ना कधी बंद पडण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. सात अधिक पाच, बारा. आला तुमच्या भावाचा बारा. फंडाच्या वाटेने नाही आला, नवऱ्याच्या भरवशाच्या वाटेने आला.

बारा टक्क्यांनी वटवल्यावर साधे २५ हजारांचे हप्ते २० लाख ८३ हजारांचे उरतात. पाच टक्के वाढीची ओळ घातलेले हप्तेही २७ लाखांवर येतात. एकरकमीलाही हाच न्याय लावू, नाहीतर लबाडी होईल. पहिले १२ लाख हातात. दुसऱ्या टप्प्याचे १० लाख तुम्ही सही करण्याआधी घेणार, म्हणून त्यांना हा धोका नाही. तिसरे १० लाख मात्र भरवशावरच आहेत. बाराने वटवले तर ७.८८ लाख. एकूण साडेएकोणतीस लाख. म्हणजे धोका धरला की एकरकमी दोन्ही प्रकारच्या हप्त्यांच्या पुढे आहे आणि साध्या हप्त्यांच्या तर बरीच पुढे.

माझा पाचचा आकडा तुम्ही मानायलाच हवा असं नाही, तुम्ही त्या माणसाला ओळखता, मी नाही. तुमच्यासाठी उंबरठा कुठे आहे तेवढं सांगते : पाच टक्के वाढ मिळाली, तरी दरवर्षी बंद पडण्याची शक्यता तीन-साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर एकरकमी बरी. पंधरा वर्षांत कधी तरी बंद पडण्याची शक्यता शंभरात चाळीस, असा त्याचा अर्थ. नवरा पक्क्या सरकारी नोकरीत असता आणि तात्पुरती पोटगी दर एक तारखेला आली असती, तर मी वाढीव महिन्याच्या बाजूने उभी राहिले असते. ती पाचदा उशिरा आलीय.

'पण कोर्टाचा आदेश असेल ना' असं आई म्हणतील. असेल. थकलं की दरखास्त दाखल करायची, त्यांच्या मालकाकडून पगार जप्त करून घ्यायचा, त्यांनी नोकरी बदलली की नव्या मालकाच्या नावाने पुन्हा. प्रत्येक वेळी वकिलाची फी आणि शाळेतली एक रजा. आदेशाने हप्ता कायदेशीर होतो, वेळेवर येतोच असं नाही.

कराचं थोडक्यात. एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती असते, उत्पन्न नाही, म्हणून तिच्यावर कर नाही. दरमहा पोटगी मात्र मिळणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. प्रतापगडच्या महेश्वरी देवी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद केला आणि पुढे तोच चालत आलाय. तुमच्या बाबतीत याने आज काही हलत नाही. पगार आणि पोटगी मिळून वर्षाचे पावणेसात-सात लाख होतात आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर पडत नाही. एकरकमी पैसे ठेवीत टाकलेत तर त्याचं व्याजही उत्पन्नच आहे, हे लक्षात असू द्या. बँक वरून कर कापेल, तो विवरणपत्र भरून परत घ्यावा लागेल.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. तो तिसरा टप्पा.

संमतीच्या घटस्फोटात दुसरी सही आणि त्यानंतर होणारा हुकूमनामा, हीच तुमच्या हातातली चावी असते. हुकूमनामा होईपर्यंत त्यांना तुमची संमती लागते. झाल्यावर लागत नाही. ठरल्याप्रमाणे तुमचे शेवटचे दहा लाख चावी दिल्यानंतर दीड वर्षाने येणार आहेत, तेही 'फ्लॅट विकला गेल्यावर'. फ्लॅट विकला गेला नाही तर? भाऊबंदकीत अडकला तर? 'गेल्यावर' या शब्दाला तारीख नसते. सहा महिन्यांचा तो मधला काळही नेहमी सहाच महिन्यांचा असतो असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं की योग्य प्रकरणात न्यायालय तो माफ करू शकतं. तसं झालं तर दुसरी सही लवकर येईल आणि तुमचे दहा लाख अजूनच लांब वाटतील.

म्हणून पुढच्या बैठकीत रक्कम वाढवून मागण्याआधी तारखा बदलून मागा. १२ लाख अर्जाच्या वेळी आणि २० लाख दुसऱ्या सहीआधी, डिमांड ड्राफ्टने किंवा थेट खात्यात. यात त्यांना एक पैसा जास्त द्यायचा नाही, पण तुमचं आजचं मूल्य ३०.३५ वरून ३१.३१ लाखांवर जातं आणि वटावापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे धोकाच उरत नाही. पैसे फ्लॅटमध्येच अडकलेत हे खरं असेल तर दोन वाटा आहेत. एक, दहा लाखांऐवजी उशिराची किंमत धरून मागायचं : आजचे दहा लाख दोन वर्षांनी सात टक्क्यांनी साडेअकरा लाख होतात, म्हणून साडेअकरा, आणि 'विकल्यावर' ऐवजी ठरलेली तारीख. दोन, त्या फ्लॅटवर तुमच्या रकमेचा बोजा चढवायचा. कलम २५ मध्येच तशी तरतूद आहे, जरूर पडल्यास पोटगीची रक्कम समोरच्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून सुरक्षित करता येते. तो संमतीपत्रात आणि हुकूमनाम्यात दोन्हीकडे यायला हवा आणि त्याची नोंद करून घ्यायला हवी. नुसत्या तोंडी 'फ्लॅट आहे ना' ला काही किंमत नाही. त्या फ्लॅटवर आधीच गृहकर्ज आहे का, तेही बघायला सांगा, कारण मग बँक तुमच्या आधी उभी असते.

नवरा एकदम वीस लाख काढू शकत नाही म्हणाला, तर मधला रस्ताही आकड्यात मांडता येतो : २० लाख हुकूमनाम्याआधी, आणि उरलेल्यासाठी महिना ८ हजार, दरवर्षी पाच टक्के वाढीने, पंधरा वर्षं. त्या ८ हजारांच्या हप्त्यांचं आजचं मूल्य सात टक्क्यांनी १२ लाख येतं, म्हणजे एकूण बत्तीसच्या आसपास. धोक्यात असतो तो फक्त शेवटचा तिसरा भाग. त्यांनाही हे जड जाऊ नये. 'दोन वर्षांनी दहा लाख एकदम' पेक्षा आठ हजार महिना हे नोकरदार माणसाला जमण्यासारखं आहे.

पैसे आल्यावर ते कुठे ठेवायचे हा या सदराचा विषय नाही, एकच गोष्ट सांगते. बँकेत ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. पतसंस्थेला ते मुळीच नाही. दीड-दोन टक्के जास्त देते म्हणून पोटगीचे सगळे पैसे गावच्या एका पतसंस्थेत ठेवलेली एक बाई माझ्या टेबलासमोर बसून रडलेली मला आठवते. तिने केलेलं आजच्या मूल्याचं गणित अगदी बरोबर होतं, नऊ टक्क्यांनी केलेलं.

आणि वकिलांना भेटायला जाल तेव्हा ती १८० ओळींची शीट मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर घेऊन जा. वर दोन चौकटी ठेवा, एक दरासाठी, एक वाढीसाठी, आणि सूत्रांतल्या ७% आणि ५% च्या जागी त्या चौकटींचेच पत्ते द्या. समोरचा कोणताही नवा आकडा बोलला की तो तिथे टाका आणि खालची बेरीज बघूनच हो-नाही म्हणा. तिसऱ्या टप्प्याची तारीख लिहिल्याशिवाय मात्र दुसऱ्या कागदावर सही करू नका.